‘भावना दुखावल्या असल्यास’ : एका माफीनाम्याचे पुनर्लेखन

आजच्या व्याख्यानाचा विषय अवघ्या तीन वाक्यांचा आहे. ही तीन वाक्ये झोमॅटो या कंपनीने जून २०२३ मध्ये काढलेल्या निवेदनातली. मूळ इंग्रजीत आहेत. त्यांचा आशय आम्ही आपल्या भाषेत सांगतो, तो नीट ऐका. पहिले वाक्य : जागतिक पर्यावरण दिनी, प्लॅस्टिकच्या कचऱ्याचे काय करता येते आणि पुनर्वापराचे फायदे काय, याबद्दल विनोदी पद्धतीने जागृती करण्याचा आमचा हेतू होता. दुसरे : अनवधानाने आमच्याकडून काही समुदायांच्या आणि व्यक्तींच्या भावना दुखावल्या गेल्या असतील. तिसरे : आम्ही तो व्हिडिओ काढून टाकला आहे. संपले निवेदन.

वर्तमानपत्रांनी याला माफीनामा म्हटले. आपण आज एवढेच बघायचे, की हा माफीनामा आहे का. नसेल तर कुठे बिघडला. आणि आपल्यापैकी कुणावर तो लिहायची वेळ आली असती तर तो कसा लिहिला असता. टीका करणे सोपे असते, म्हणून शेवटी आम्ही पर्यायी मसुदाही समोर ठेवणार आहोत. त्याचीही तुम्ही चिरफाड करा.

आधी जाहिरात काय होती ते सांगू. ती ५ जून २०२३ ला, पर्यावरण दिनी आली. आशुतोष गोवारीकरांच्या ‘लगान’मध्ये (२००१) कचरा नावाचे पात्र आहे. गावकुसाबाहेरचा, अस्पृश्य मानला गेलेला, एका हाताने अधू असलेला माणूस. चेंडू फिरवायची कला त्याच्या त्याच अधू हातात असते. भुवन त्याला संघात घेतो तेव्हा गाव उठते, आणि भुवन गावाला खडसावतो. आदित्य लाखिया यांनी ते काम केले होते. जाहिरातीत त्याच अभिनेत्याला त्याच पात्राच्या रूपात आणले. तो कधी टेबल होऊन बसलेला, कधी दिवा झालेला, कधी झाडांना पाणी घालायची झारी, कधी हात पुसायचा टॉवेल. आणि प्रत्येक वस्तूबरोबर पाटी : ही वस्तू इतक्या किलो ‘कचऱ्या’पासून बनली. विनोद काय, तर नावावरचा श्लेष.

दिग्दर्शक नीरज घायवान यांनी त्यावर जाहीर आक्षेप घेतला. ‘लगान’मधले हे पात्र मुळातच माणूसपण काढून घेतलेले, आवाज नसलेले आहे, आणि आता त्याला बसायचे स्टूल केले, असा त्यांचा मुद्दा होता. दोन-तीन दिवसांतच व्हिडिओ मागे घेतला गेला, आणि ही तीन वाक्ये आली. पुढे राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोगाने कंपनीला नोटीसही काढली.

आता हे सगळे नांदेड आणि लातूरमधून कसे दिसत होते, ते सांगणे भाग आहे. माफीनामा वाचणारा माणूस हवेत राहत नाही. १ जून २०२३ ला नांदेडजवळच्या बोंढार हवेली गावात एका बौद्ध तरुणाचा खून झाला. गावात आंबेडकर जयंती साजरी केल्याच्या रागातून तो झाला, असे तक्रारीत म्हटले होते. त्याच सुमारास लातूर जिल्ह्यातल्या रेणापुरात मातंग समाजातल्या एका कष्टकरी माणसाचा, अवघ्या तीन हजार रुपयांच्या देण्याघेण्यावरून झालेल्या मारहाणीत, मृत्यू झाला. जाहिरातीचा आणि या घटनांचा काही संबंध नाही. तसा जोडणेही अन्यायाचे होईल. पण वाचणारा माणूस एकच होता. त्या आठवड्यात ज्याच्या मोबाइलवर बोंढारची बातमी आली, त्याच मोबाइलवर माणसाचे टेबल केलेली जाहिरात आली, आणि मग तिथेच ‘काही व्यक्तींच्या भावना’ असे शब्द आले. माफीनामा लिहिणाऱ्याने आपला वाचक कोण, हे ठरवताना हा मोबाइल डोळ्यांपुढे ठेवायला हवा होता.

दुसरी गोष्ट नावाची. कुणी म्हणेल, ‘कचरा’ हे नुसते नाव. त्यावर एवढे काय? मराठवाड्याला हा प्रश्न विचारायचा नसतो. आपल्याकडे कचरू, कचराबाई, धोंडिबा, दगडू, उकिर्डा ही नावे घरोघर होती. मुले जगत नसत. मग नवे बाळ उकिरड्यावर क्षणभर ठेवून उचलायचे आणि असे नाव ठेवायचे, म्हणजे मृत्यूची नजर त्याच्यावर जाणार नाही. ते आईबापांनी काळजीपोटी दिलेले नाव. सगळ्या जातींत असायचे. दुसऱ्या बाजूला मनुस्मृती आहे. ब्राह्मणाचे नाव मंगल असावे, क्षत्रियाचे बलवाचक, वैश्याचे धनवाचक आणि शूद्राचे तिरस्कारवाचक, असा तिथे दंडकच आहे. मायेने ठेवलेले नाव आणि लायकी दाखवण्यासाठी लादलेले नाव उच्चाराला सारखेच असते. चित्रपटातला कचरा दुसऱ्या प्रकारचा, आणि जाहिरातीचा विनोदही त्या दुसऱ्या अर्थावरच उभा आहे. शिवाय नावासाठी माणसे मेलेला हा प्रदेश. २७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला, आणि त्यानंतरच्या दंगलीत नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे मारले गेले. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. तेव्हा ‘नावात काय आहे’ हे वाक्य इथे चालत नाही.

एवढे ध्यानात ठेवून तीन वाक्यांकडे परत येऊ.

पहिले वाक्य हेतूचे आहे. निवेदन उघडल्यावर वाचकाला काय भेटते? कंपनीचा चांगुलपणा. पर्यावरण, जागृती, पुनर्वापर. बघा, ज्याला लागले त्याचा उल्लेख अजून झालेलाच नाही, आणि ज्याने मारले त्याची कैफियत सुरू झाली आहे. क्रमानेच अर्थ बदलतो. तुमच्या पायावर कुणी सायकल घातली आणि उतरून तो आधी सांगू लागला, की मी दवाखान्यात औषध आणायला निघालो होतो, तर औषधाचे कारण खरे असले तरी तुमचा पाय तसाच राहतो. आणखी एक. या वाक्यात ‘विनोदी पद्धतीने’ असे दोन शब्द हळूच आले आहेत. त्यांचा उपयोग काय? न हसणाऱ्यावर ठपका ठेवणे. आम्ही गंमत केली, तुम्हाला कळली नाही, असे ते न बोलता बोलतात.

दुसरे वाक्य सगळ्यात वाईट, म्हणून त्यात जरा थांबू. त्यात चार पळवाटा आहेत. ‘अनवधानाने’ ही पहिली. ‘असतील’ ही दुसरी. म्हणजे दुखावल्या की नाही, हे अजून आमच्या लेखी ठरायचे आहे. ‘काही समुदाय आणि व्यक्ती’ ही तिसरी. कोणता समुदाय? दलित हा शब्द उच्चारायलाच कंपनी तयार नाही. ज्याचा अपमान केला त्याचे नाव घ्यायलाही लाज वाटावी, यातून अपमान मिटतो की वाढतो, ते तुम्हीच ठरवा. आणि चौथी पळवाट ‘भावना’. ही फार जुनी आणि फार सोयीची. भावना दुखावल्या म्हटले, की बिघाड वाचणाऱ्याच्या मनात झाला असे ठरते. जाहिरात जशीच्या तशी निर्दोष राहते. खरे म्हणजे त्या जाहिरातीकडे बघून एखाद्या दलित माणसाला काहीच वाटले नसते, तरी ती चूकच होती. माणसाला बसायचे टेबल करणे आणि त्याच्या जातीने लादलेल्या नावावर हशा मिळवणे, ही चूक पडद्यावर आहे. ती बघणाऱ्याच्या मनावर ढकलता येत नाही.

मराठीत या पळवाटा आणखी सहज सापडतात, कारण आपले व्याकरणच तशी सोय करते. ‘आम्ही चूक केली’, ‘आमच्याकडून चूक झाली’, ‘चूक झाली’, ‘चूक झाली असल्यास’. चार पायऱ्या आहेत, आणि प्रत्येक पायरीवर कर्ता एक पाऊल मागे सरकतो. चौथ्या पायरीवर कर्ताही नाही आणि चूकही नाही. पत्रकात बहुधा हीच चौथी पायरी छापून येते : ‘कुणाच्या भावना दुखावल्या असल्यास दिलगीर आहोत.’

हे ‘असल्यास’ आपण शिकलो लग्नपत्रिकेवरून. ‘नजरचुकीने कुणास निमंत्रण राहून गेल्यास हेच आग्रहाचे निमंत्रण समजावे.’ तिथे ते अगदी योग्य आहे. पाचशे घरांत पत्रिका वाटताना कुणाचे घर राहिले, हे यजमानाला खरोखरच ठाऊक नसते. पावतीवरचे ‘चूकभूल द्यावी घ्यावी’ही तसेच प्रामाणिक आहे, हिशोबात चूक आहे की नाही, हे त्या क्षणी दोघांनाही माहीत नसते. पण जाहिरातीवर हजारो माणसे बोलून झाली, जाहिरात मागे घेऊन झाली, आणि त्यानंतर ‘असतील’ म्हणायचे? माहीत असलेल्या गोष्टीला ‘असल्यास’ लावणे म्हणजे खोटे बोलणे.

तिसरे वाक्य कृतीचे. ते तिन्हींत बरे, कारण ते सरळ आहे : आम्ही काढला. कर्ता आहे, क्रियापद आहे. पण का काढला, हे नाही. चुकीचा होता म्हणून, की ओरड झाली म्हणून? आणि पुढे काय, हेही नाही. शिवाय तिन्ही वाक्ये संपली तरी एक शब्द आलेलाच नाही. माफी. क्षमा. दिलगिरी. यातला एकही नाही. माफीनाम्यात माफी मागायचीच राहून गेली.

हा साचा किती पोकळ आहे, हे एका तुलनेने दाखवतो. ऑक्टोबर २०२० मध्ये तनिष्कने एक जाहिरात मागे घेतली होती. मुस्लीम घरात हिंदू सुनेचे डोहाळेजेवण चालले आहे, असे तिच्यात दाखवले होते. त्यावर मोठा गदारोळ झाला. मागे घेताना कंपनीने काय म्हटले? अनवधानाने भावना ढवळल्या गेल्याचे दुःख आहे. दुखावलेल्या भावना आणि कर्मचाऱ्यांची, दुकानांतल्या माणसांची सुरक्षितता लक्षात घेऊन ही फिल्म मागे घेत आहोत. आता दोन्ही निवेदने शेजारी ठेवा. एका जाहिरातीत एका समाजाला खाली दाखवले होते. दुसरीत कुणालाही खाली दाखवले नव्हते. लोक चिडले ते दोन धर्मांची माणसे एका घरात प्रेमाने राहताना पाहून. प्रकरणे उलट टोकांची, आणि भाषा तीच : अनवधान, भावना, मागे घेतले. जे निवेदन दोन्हीकडे चपखल बसते, ते दोन्हीकडे निरुपयोगी असते. म्हणून माफीनामा लिहायला बसताना पहिला प्रश्न हा, की आपण चुकलो का? न चुकता नुसत्या दबावाखाली जाहिरात मागे घ्यायची असेल, तर तसे सांगावे. माफी मागू नये. आणि चुकलो असू, तर ‘भावना’ हा शब्द मसुद्यातून पहिल्यांदा खोडावा.

आता एक शंका रास्त आहे. कंपन्यांत शिकलेली, भाषा जाणणारी माणसे असतात. ती असे का लिहितात? याचे उत्तर कायद्यात आहे. तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचे कलम २९५-अ लागू व्हायला ‘जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने’ केलेले कृत्य लागते. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा, १९८९ यातले ३(१)(आर) हे कलम लोकांच्या नजरेसमोर, कमी लेखण्याच्या इराद्याने, हेतुपुरस्सर केलेल्या अपमानाबद्दल आहे. दोन्हीकडे हेतू हा कळीचा मुद्दा. म्हणून वकील ‘अनवधानाने’ हा शब्द घालायला लावतो. तो शब्द वाचकासाठी नसतोच; तो उद्याच्या न्यायाधीशासाठी असतो. काही देशांत कायद्यानेच यातून वाट काढली आहे. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताने २००९ मध्ये माफीविषयक कायदा केला : दिवाणी दाव्यात माफीला दायित्वाची कबुली धरायचे नाही. आपल्याकडे असे सर्वसाधारण संरक्षण नाही. तेव्हा वकिलाची भीती अगदीच खोटी नव्हे, हे मान्य करून पुढे जाऊ.

पण या भीतीतून एक साधी वाट निघते, आणि ती बहुतेकांना सुचत नाही. हेतूबद्दल काहीच बोलू नका. ‘आमचा हेतू वाईट नव्हता’ हेही नको आणि ‘वाईट होता’ हेही नको. काय केले ते सांगा. हेतूबद्दल गप्प राहिल्याने हेतू कबूल होत नाही. सबब मात्र गळून पडते.

आता मसुदा. पहिला प्रयत्न आपण सगळे जसा करू तसा करतो :

‘आमच्या जाहिरातीमुळे दलित समाजाच्या भावना दुखावल्या गेल्या, याबद्दल आम्ही दिलगीर आहोत. कुणाचाही अवमान करण्याचा आमचा हेतू नव्हता. आम्ही सर्व समाजांचा आदर करतो.’

आधीच्यापेक्षा बरा आहे. समाजाचे नाव आले, ‘असतील’ गेले. पण ही चाचणी लावा : जाहिरात न पाहिलेल्या माणसाला हा मजकूर वाचायला द्या आणि विचारा, काय घडले? त्याला सांगता येणार नाही. जाहिरातीत काय होते, हे मसुद्यात नाहीच. ज्या माफीनाम्यावरून चूक कळत नाही, तो कुठल्याही चुकीला चिकटवता येतो. आणि शेवटचे वाक्य बघा. ‘आम्ही सर्व समाजांचा आदर करतो.’ आत्ताच तर केला नाही! हे वाक्य वाचकाला चिडवण्यापलीकडे काही करत नाही.

दुसरा प्रयत्न उलट टोकाचा :

‘आमच्या अक्षम्य अपराधाने आम्ही शरमेने मान खाली घालतो. महामानवाच्या विचारांपुढे नतमस्तक होऊन संपूर्ण समाजाच्या चरणी क्षमायाचना करतो.’

आपल्याकडे हाही प्रकार चालतो, आणि ऐकायला भारी वाटतो. पण यातही चूक काय, ते नाही. शब्द जितके मोठे, तितकी घटना लहान होत गेली. शिवाय बाबासाहेबांचे नाव ढालीसारखे पुढे केले आहे : आता बोला, नतमस्तक झालेल्याला काय बोलणार! ही माफी समोरच्याला गप्प करण्यासाठी आहे. आणि ‘अक्षम्य’ म्हणून लगेच क्षमा मागणे, हा तर भाषेचाच गोंधळ.

तिसरा मसुदा आम्ही असा करतो. कंपनीने तो काढलेला नाही, हे लक्षात असू द्या. हा आमचा अभ्यास आहे. ज्या गोष्टी फक्त कंपनीलाच ठाऊक असणार, त्या जागा मोकळ्या ठेवल्या आहेत.

‘५ जून २०२३ रोजी आम्ही एक जाहिरात प्रसिद्ध केली. तिच्यात “लगान” चित्रपटातील कचरा या दलित पात्राला आम्ही टेबल, दिवा, झारी अशा वापरायच्या वस्तू म्हणून दाखवले आणि त्याच्या नावावर विनोद केला. हे चूक होते. माणसाला वस्तू ठरवणारा आणि जातीवरून हिणवणारा हा विनोद होता. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ही वागणूक सोसली, त्यांचा यात अपमान झाला.

‘ही कल्पना मंजूर होताना, चित्रित होताना आणि प्रसिद्ध होताना ती थांबवणे आमच्या हातात होते. आम्ही थांबवली नाही. जबाबदारी कंपनीची आहे. अभिनेत्याची नाही.

‘आम्ही दलित समाजाची माफी मागतो.

‘जाहिरात आम्ही … तारखेला सर्व ठिकाणांहून काढली. ती कोणत्या टप्प्यांतून मंजूर झाली आणि कुणी आक्षेप घेतला होता का, याची तपासणी … यांच्याकडे दिली आहे. काय आढळले आणि काय बदलले, हे आम्ही … तारखेला याच ठिकाणी सांगू.’

खाली कंपनीच्या प्रमुखाचे नाव आणि पद. ‘व्यवस्थापन’ अशी सही नको.

यात काय काय केले, ते सांगतो. सुरुवात कृत्याने आहे. पर्यावरण दिनाचे नावच घेतले नाही. ते खरे असूनही गाळले, कारण तिथून सबब सुरू होते. चूक नेमकी सांगितली, पण तिचे रसभरीत वर्णन केले नाही. टॉवेल, किलोच्या पाट्या असा सगळा तपशील पुन्हा मांडला तर अपमान दुसऱ्यांदा होतो. ‘पण’ आणि ‘परंतु’ एकदाही आलेले नाहीत. हे मोजून बघण्यासारखे आहे. माफीनाम्यातली सबब नव्वद वेळा ‘पण’च्या मागेच लपलेली असते. माफीचे वाक्य एकटे, लहान, स्वतंत्र ठेवले. त्याला विशेषण नाही. ‘मनःपूर्वक’सुद्धा नाही, मन किती पूर्ण आहे, हे वाचणारा ठरवील.

अभिनेत्याचे एक वाक्य मुद्दाम घातले. पडद्यावर चेहरा त्याचा होता, त्यामुळे राग त्याच्यावर जाणार हे उघड होते. काम देणाऱ्याने तो आपल्या अंगावर घ्यायचा असतो. त्याचप्रमाणे जाहिरात संस्थेचे नाव घेतले नाही. ‘आमच्या एजन्सीने केले’ हे खरे असले, तरी पैसे दिले आणि शिक्का मारला तो कंपनीने.

आणि काय घातले नाही? देणगी. शिष्यवृत्ती. ‘आमच्याकडे अनेक दलित बांधव काम करतात’ हे वाक्य. पहिल्या दोन गोष्टी चांगल्या असतील, त्या वेगळ्या वेळी कराव्यात. माफीच्या कागदावर आल्या, की त्या मोबदल्यासारख्या दिसतात. तिसरे वाक्य तर आपल्याच कामगारांना साक्षीदार म्हणून उभे करते, तेही त्यांना न विचारता.

आता हा मसुदा वकिलाकडे गेला असे धरा. तो काय खोडील? ‘जातीवरून हिणवणारा’ यावर नक्की लाल रेघ येईल. त्याचे म्हणणे, ही कबुली आहे. इथे भांडायचे कुठे आणि सोडायचे कुठे, हे आधी ठरलेले बरे. ‘हिणवणारा’ऐवजी ‘जातीच्या अपमानावर उभा असलेला विनोद’ असे म्हटले तरी अर्थ टिकतो, तेवढे सोडावे. तपासणीची तारीख पुढे-मागे होऊ द्यावी. तीन गोष्टी मात्र सोडायच्या नाहीत : काय दाखवले ते, ‘हे चूक होते’ हे वाक्य, आणि ‘दलित समाजाची माफी मागतो’ हे वाक्य. यातले एक जरी गेले, तर माफीनामा काढूच नये. नुसते ‘जाहिरात मागे घेतली’ एवढे छापावे. ते अपुरे असेल, पण प्रामाणिक असेल. अर्धी माफी ही मौनापेक्षा जास्त लागते, कारण तिच्यात समोरच्याला फसवायचा प्रयत्न असतो.

मजकुराइतकीच महत्त्वाची त्याची जागा. एप्रिल २०२४ मध्ये पतंजलीच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींच्या खटल्यात, न्यायमूर्ती हिमा कोहली आणि अहसानुद्दीन अमानुल्ला यांच्या खंडपीठासमोर सांगण्यात आले, की ६७ वर्तमानपत्रांत माफी छापली आहे. खंडपीठाने विचारले : तुमच्या जाहिराती जेवढ्या मोठ्या असतात, तेवढीच ही माफी आहे का? मग मोठी माफी पुन्हा छापली गेली. प्रकरण वेगळे, तत्त्व तेच. जाहिरात जिथे आणि जितकी दिसली, तिथे आणि तितकी माफी दिसावी. यात आम्ही भाषेची भर घालू. पडद्यावरचा विनोद ज्या भाषेत बसला, आणि तो ज्यांना बोचला ते ज्या भाषांत वाचतात, त्या भाषांत माफी हवी. नांदेड-लातूरच्या वाचकाने आपल्याला उद्देशून असलेली माफी इंग्रजीतून का शोधावी? आणि मराठीत लिहायची, तर भाषांतर नको. भाषांतरातून ‘भावना दुखावल्या गेल्या असल्यास’ हमखास परत येते.

शेवटी या सगळ्याची मर्यादा. चांगला माफीनामा लिहिला म्हणजे माफी मिळते, असे नाही. मिळायलाच हवी, असेही नाही. क्षमा करायची की नाही, हा ज्याचा अपमान झाला त्याचा अधिकार आहे, आणि ‘एवढे म्हणालो, आता तरी थांबा’ असा सूर लागला, की चारही परिच्छेद वाया जातात. बोंढारमधल्या किंवा रेणापुरातल्या घरांसाठी कुठल्याही कंपनीचा कागद काही करू शकत नव्हता. तो एवढेच करू शकत होता : त्या आठवड्यात ‘तुमचा अपमान आम्ही केला, तो खरा होता, तुमच्या मनाचा खेळ नव्हता’ हे कुणीतरी मोठ्या आवाजात कबूल करणे. तीन वाक्यांत तेही मावले असते. जागा होती. ती हेतू सांगण्यात गेली.